साहेबांना लिहिलेलं पत्र आणि त्याची फेरमोजणी

आमच्या जालन्याच्या मोजणी कचेरीत कुणी वजिफ्यावर निघालं, म्हणजे पेन्शनीत निघालं, की वरिष्ठांपुढं कागद मांडणाऱ्या पेशकारांच्या लाकडी पेटीतून एक मानपत्र बाहेर यायचं. उर्दूत त्याला सिपासनामा म्हणत. काय त्याची भाषा! प्रत्येक वाक्यावर अत्तर शिंपडलेलं. न्यायात तराजू, औदार्यात दर्या, घोडेस्वारीत शेर. हा मजकूर पेशकारांनी कधीकाळी कुणा शायराकडून लिहवून घेतला होता आणि तेव्हापासून फक्त नाव आणि हुद्दा बदलत आले होते. एकदा आमच्याच कचेरीतल्या एका अजस्र कारकुनाला, जो टांग्यातसुद्धा घोड्याकडे पाठ करून बसायचा, भर सभेत ‘घोडेस्वारीतला शेर’ म्हणून गौरवलं गेलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. आणि त्यानं काय करावं? डोळे पुसले! खोटं सांगत नाही. मी पहिल्या रांगेत होतो.

म्हणून आमच्या मोजणी इन्स्पेक्टर साहेबांची पाळी आली तेव्हा पेशकारांनी सवयीनं पेटी उघडली. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

“काय काढून राह्यले?”

“आपला सिपासनामा, हुजूर.”

“माझा? त्यात घोडा हाय का?”

पेशकारांनी कागद पाठीमागं नेला. कागदावर घोडा होता, हे त्यातच आलं.

“बंद करा पेटी,” साहेब म्हणाले आणि आम्हा पाच मोजणीदारांना त्यांनी समोर उभं केलं. “हे बघा, मला मानपत्र नको. परत्येकानं मला एक चिठ्ठी द्यायची. मराठीत. उर्दूत तुमाला तारीफ तयार मिळते. चिठ्ठीत तीन गोष्टी पायजेत. मी काय शिकवलं. ते शेतात कामाला आलं का, आलं तर कुठं, कसं. आन् माझं काय चुकलं. तिसरी गोष्ट न्हाई लिहिली तर चिठ्ठी वापस.”

एकजण चाचरत म्हणाला, “साहेब, तुमचं चुकलं असं…”

“न्हाई सुचत? मंग तू माझ्या हाताखाली डोळे मिटून काम केलं. तसं लिही.”

हे सगळं कशासाठी, ते सांगतो. साहेबांची एक वही होती. नव्या मोजणीदारांसाठीच्या सूचना, आयुष्यभर एकेक करून लिहिलेल्या. त्यांच्यानंतर नवीन माणसं भरती होणार होती आणि वहीच्या नकला करून प्रत्येकाच्या हाती दिल्या जाणार होत्या. साहेब म्हणाले, “यातलं जे खोटं असंल ते मी हाय तोवर निघंल. मी गेलो की तुमी तिला हार घालसाल, हात लावणार न्हाई.”

त्या वहीत एक सूचना अशी होती: ‘शेतात मोजणीदारानं तोंड उघडू नये. मोजावं, टिपावं, निघावं.’

आणि तुमचा हा सेवक ती सूचना नऊ वर्षं चोरून मोडत होता.

आता माझी पंचाईत समजून घ्या. खरं लिहावं, तर ज्या माणसानं मला काम शिकवलं त्याला कळणार की पहिल्या वर्षापासून मी त्याच्या पाठीमागं हुकूम मोडला. याच साहेबांनी एका मोजणीदाराला हुकूम मोडला म्हणून शेतावरून उचलून कायमचं नकला करायला बसवलं होतं. तो बिचारा उन्हाला मुकला. मला शेतावरून उठवलं असतं तर मी जगलो असतो, पण गोष्टी कुणाला सांगितल्या असत्या? आणि लिहू नये, तर ती सूचना नव्या पोरांच्या हाती जाणार आणि पुढची तीस वर्षं जिल्हाभर मुके मोजणीदार फिरणार.

घरी आलो आणि पहिलं पत्र लिहिलं. वा! काय उतरलं होतं! ‘आपल्या चरणांशी बसून ज्ञानाचे कण वेचले’, ‘आपण वटवृक्ष, आम्ही पाखरे.’ हात उंचावून, खोलीत फेऱ्या मारत मी ते बायकोला वाचून दाखवलं. ती ज्वारी निवडत होती.

“झालं?” तिनं विचारलं.

“कसं वाटलं?”

“चांगलं हाय. हे कुनाला धाडायचं?”

“अगं, साहेबांना!”

“तसं दिसत न्हाई. वरचं नाव झाकलं तर हे आपल्या गुरवाला बी चालतंय, मास्तरला बी चालतंय. मागं माझा मामा शाळेतून मोकळा झाला, त्याला असलंच दिल्तं कुनीतरी.” मग सुपातला खडा बाजूला टाकत म्हणाली, “अहो, तुमी तर घरी रोज सांगता, साहेबानं असं केलं, साहेब तसं बोलले. ते का न्हाई लिहीत? वटवृक्ष कशाला मधी घालता?”

अपमान मोठा होता, पण उपयोगाचा होता. मी नवीन कागद घेतला. या वेळी एक शर्त घातली: जे वाक्य दुसऱ्या कुणाला पाठवता येईल ते लिहायचं नाही. तुम्हाला सांगतो, पहिल्या पत्रातलं एकही वाक्य उरलं नाही. ‘सप्रेम नमस्कार’ तेवढं राहिलं.

मग आठवत बसलो. त्या आठवणीतच मला साहेब पहिल्यांदा नीट दिसले असं आता वाटतं. काळी शेरवानी, कॉलरपाशी पांढरी पडलेली. काखेत छत्री, उघडलेली कधी पाहिली नाही. सकाळी कचेरीच्या अंगणात यायचे आणि आम्हाला चहाच्या आधी साखळी पसरायला लावायचे.

पत्रात मी पहिलं तेच लिहिलं. आमची मोजणीची साखळी तेहेतीस फुटांची, तिचे सोळा आणे. अंगणात दोन दगड पुरलेले होते, त्यांवर तेहेतीस फुटांच्या खुणा. रोज सकाळी साखळी त्या खुणांवर ताणून बघायची. मला हे थोतांड वाटायचं. लोखंड काय रात्रीत वाढतं? साहेब म्हणायचे, “वढून वढून कड्या उघडतात. साखळी लांबली की शेत लहान दिसतं. शेत तेवढंच असतं, तुझी साखळी खोटी बोलती.” मी लिहिलं: ‘बदनापूरकडे कामाला असताना तिसऱ्या दिवशी सकाळी कंटाळा केला आणि साखळी न तपासता निघालो. दुपारी बेचैन झालो, मोजपट्टी काढून साखळी तपासली, तर एक आणा लांबलेली. सकाळपासूनची तीन शेतं पुन्हा मोजली. साखळी ओढणारे मला शिव्या देत होते आणि मी मनात तुम्हाला देत होतो. त्या दिवसापासून आजवर एक सकाळ चुकवलेली नाही.’

दुसरी गोष्ट कोळशाची. हद्दीचा दगड पुरताना खाली ओंजळभर कोळसा टाकायची जुनी रीत आहे. कोळसा कुजत नाही, वाळवी त्याला खात नाही. साहेबांनी शिकवलं होतं की दगडाला कधी साक्ष विचारू नये, दगडाखालच्या मातीला विचारावी. मंठ्याजवळ दोन भाऊबंदांच्या भांडणात मी ते केलं. दगड अगदी डौलात उभा, चुना लावलेला. खणलं, खाली नुसती काळी माती. मग सरळ रेषेत सरकत जाऊन आणखी तीन ठिकाणी खणलं आणि तिसऱ्या ठिकाणी कोळसा निघाला. पहिला भाऊ म्हणाला, “कुनीतरी शेकोटी केली असंल.” दुसरा म्हणाला, “हातभर जमिनीखाली?” आणि मग ते दोघंही हसायला लागले, कारण दोघांच्याही आजोबांची दगड सरकवण्यातली ख्याती त्यांना ठाऊक होती. हे सगळं मी तसंच लिहिलं, हसण्यासकट.

आता आलं तिसरं. तीन दिवस मी तिसऱ्याभोवती घिरट्या घातल्या. आधी लिहिलं, ‘आपली एक सूचना थोडी कडक वाटते.’ बायको म्हणाली, “थोडी म्हंजे किती आणे?” मोजणीदाराची बायको! ते खोडलं. मग लिहिलं, ‘काही लोकांचं मत असं आहे.’ ती म्हणाली, “कोन लोक? तुमीच की.” तेही गेलं. शेवटी कळलं की साहेबांच्या चुकीपर्यंत जायची वाट माझ्या गुन्ह्यावरूनच जाते. म्हणून सुरुवात तिथून केली.

‘साहेब, शेतात तोंड उघडू नये ही आपली सूचना मी नऊ वर्षं मोडत आलो आहे. मोजणी झाली की मी टिपण, म्हणजे शेताचा तो आकडे घातलेला नकाशा, दोन्ही बाजूंच्या धन्यांना झाडाखाली बसवून मोठ्यानं वाचून दाखवतो. हे मी पहिल्यांदा हौसेनं केलं, कारण मला बोलायला आवडतं. पण त्या दिवशी एक म्हातारी टोपलीवर बसून ऐकत होती, ती म्हणाली, “बाबा, माझी बाभूळ त्या अंगाला कवा गेली?” मी टिपण पाहिलं. मधल्या रेषेपासून बाभळीचं अंतर बरोबर होतं, पण उजवीकडे लिहायचं ते मी डावीकडे लिहिलं होतं. म्हणजे बाभळीसकट नाल्याचा काठ शेजाऱ्याच्या पदरात गेला असता. मी न वाचता निघालो असतो तर ती चूक सरकारी दफ्तरात कायमची बसली असती. तेव्हापासून वाचतो. माझ्या चार चुका अशा शेतावरच निघाल्या. आपली सूचना लाच आणि वशिल्याच्या भयानं आहे, हे मी समजतो. ते भय खरं आहे. तरी न बोलण्यानं आपली चूक पकडणारा एकमेव माणूसही गप्प होतो. माझी विनंती आहे की नव्या माणसांना वाचून दाखवायला सांगावं. हुकूम मोडल्याची शिक्षा मला द्यावी.’

खाली सही केली आणि पाकीट बंद केलं. सभेत वाचायचं हे पत्र नव्हतं. ज्याची चूक, त्याच्या एकट्याच्या हातात द्यायचं, एवढी रीत मला कळत होती. दुसऱ्या दिवशी कचेरीत त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि लहान मुलासारखा पळालो.

दोन दिवस काही नाही. साहेब समोरून गेले, मान हलवली, गेले. मी मनातल्या मनात नकला करायला बसलो होतो. तिसऱ्या दिवशी शिपायानं पाकीट आणून दिलं. माझंच पत्र, आणि त्यावर लाल शाई!

‘एक आणा’ या शब्दांखाली रेघ. समासात लिहिलेलं: ‘एक आणा म्हणजे दोन फूट. तेवढी लांबली असती तर तिला साखळी कोण म्हणेल? तुझं त्या दिवसाचं टिपण काढून पाहिलं. पाव आणा.’ भाऊबंदांच्या गोष्टीत ‘तिसऱ्या ठिकाणी’ यावर: ‘दुसऱ्या.’ मला गोष्ट रंगवायची सवय आहे, कबूल आहे, पण आभाराच्या पत्रातसुद्धा माणसानं दफ्तर काढून बघावं? आणि शेवटच्या परिच्छेदावर एकही लाल खूण नव्हती. खाली फक्त एवढं: ‘हे तपासावं लागेल. परवा धावड्याला चल. साखळी घे.’

नोकरीचा त्यांचा शेवटचा आठवडा चालू होता. सत्काराच्या तयारीत कचेरी गुंतली होती, आणि हा माणूस भोकरदनच्या पुढं बैलगाडीत हादरे खात माझ्या पत्राची फेरमोजणी करायला निघाला. वाटेत एक शब्द नाही. मीसुद्धा गप्प, आणि हे माझ्या आयुष्यातलं एक आश्चर्य समजा.

धावड्याकडे डोंगराची उतरण आहे. तिथल्या एका शेताची मोजणी साहेबांनी स्वतः, तरुण असताना केली होती. मोजलं, टिपलं आणि निघाले. शेताचा धनी आता म्हातारा झाला होता. आम्ही बांधावर उभे राहिलो तसा तो काठी टेकत आला. साहेबांना ओळखलं त्यानं.

“तुमीच आल्ते की मागं.”

“व्हय. मोजणी बराबर झाली होती का? काही तक्रार?”

म्हातारा हसला. ते हसू चांगलं नव्हतं. “तक्रार? आता कशाला इचारता मालक. तुमी साखळी वढली आन् मुक्यावानी निघून गेले. मी मागनं दोरीनं मोजलं. वरपासनं खालपर्यंत. तुमच्या कागदावर हाय त्यापरीस माझी दोरी लांब भरली. मंग राहिलेली जमीन कुठं गेली? खालच्या शेजाऱ्यानं तुमाला वश केलं, असं मी धरलं.”

“आन् मंग?”

“मंग काय. त्याच्या दारात पाय ठेवला न्हाई. त्याच्या पोरीचं लगीन झालं, मी गेलो न्हाई. माझी बायको गेली तवा तो आल्ता, मी तोंड फिरवलं.”

साहेबांनी उतार वरपासून खालपर्यंत नजरेनं मोजला. मग मला म्हणाले, “खालच्याला बोलाव.”

खालचा शेजारी आला. दोघं म्हातारे एकमेकांकडे न बघता उभे राहिले, अशी काही जागा निवडून की आम्ही मधे येऊ. साहेबांनी छत्री खाली ठेवली आणि साखळीचं टोक स्वतः धरलं. आधी जमिनीला चिकटवून, उतारावरून मोजलं. म्हाताऱ्याची दोरी जेवढी भरली होती तेवढंच भरलं. “बघा! बघा!” म्हातारा ओरडला. मग साहेबांनी मला खाली उभं केलं, साखळी वर धरायला लावली, अगदी आडवी, पाण्यासारखी सपाट, आणि टोकापासून ओळंबा सोडला. ओळंबा टेकला तिथं खुंटी. तिथून पुन्हा आडवी साखळी, पुन्हा ओळंबा. अशा पायऱ्या पायऱ्यांनी खाली उतरलो. कागदावर होतं तेवढंच भरलं. दोन बोटांचा फरक नाही.

“मोजणी सपाट धरूनच करायची असती,” साहेब म्हणाले. “उतारावर.”

“म्हंजे उतारावरची माती सरकारला दिसत न्हाई?”

मी जीभ आवरली. मला उत्तर ठाऊक होतं, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. पण बोललो नाही. त्यांनी बोलावं असं मला फार वाटत होतं. साहेबांनी आजूबाजूला पाहिलं, बांधावरचं ज्वारीचं एक ताट मोडून हातात घेतलं आणि उतारावर उभं धरलं.

“हे ताट उताराला तिरकं वाढतंय का?”

“न्हाई. सरळ वर जातंय.”

“मंग सपाटीवर जेवढी ताटं मावतील, तेवढीच इथं मावतात. माती जास्ती दिसती, पीक जास्ती येत न्हाई. म्हणून सपाट मोजायचं. तुमची जमीन कुठं गेली न्हाई. त्याच्याकडं बी न्हाई.”

म्हाताऱ्यानं ते ताट हातात घेतलं. खालीवर करून बघितलं. खालच्या शेजाऱ्याकडे एकदा बघितलं, पहिल्यांदाच. मग साहेबांना म्हणाला, “हे तवाच सांगितलं असतं तर?”

खालचा शेजारी म्हणाला, “जाऊ दे आता. पाणी प्या,” आणि तांब्या पहिल्यांदा त्यानं म्हाताऱ्यापुढं धरला. म्हाताऱ्यानं घेतला की नाही? घेतला. प्यायला, आणि मग म्हणाला, “पाणी तुझ्याच हिरीचं हाय का? खारट लागतंय अजून.” दुसरा म्हणाला, “तुझ्या तोंडाला सगळंच खारट.” एवढंच झालं. पुढं त्यांचं काय जमलं, मला ठाऊक नाही.

साहेब बांधावर बसले. शेरवानीची धूळसुद्धा झटकली नाही. मला जवळ बोलावलं आणि खाली बघत म्हणाले, “नोकरीच्या पहिल्या साली एका बाईच्या शेतात गेल्तो. ती बोलली, मी ऐकलं. तिचं दुःख खरं होतं. मी हद्दीची रेघ तिच्या बाजूनं हातभर सरकवली. पैसा घेतला न्हाई, काही घेतलं न्हाई. पण शेजाऱ्याचं हातभर गेलं. कुणाला कळलं न्हाई. तवापासून ठरवलं, आपण ऐकायचंच न्हाई. ऐकलं की माझा हात हलतो.” मग म्हणाले, “वहीत मी ते सगळ्यांसाठी लिहून ठेवलं. भ्या माझं होतं.”

नऊ वर्षं मी त्यांना लोखंडाचे समजत होतो. मी म्हटलं, “साहेब, मी वाचून दाखवतो, पण रेघ कधी हलवली न्हाई.”

“ठाऊक हाय. तुझी टिपणं दरसाल मी तपासतो. म्हणून तर इथवर आलो. न्हाईतर तुझ्या चिठ्ठीवर कोण इश्वास ठेवणार? पाव आण्याचा एक आणा करतो तू.”

पिशवीतून वही काढली. गुडघ्यावर ठेवली. खोडरबर त्यांनी कधी वापरलं नाही. ‘शेतात मोजणीदारानं तोंड उघडू नये’ या सूचनेवरून त्यांनी एकच बारीक रेघ मारली, अशी की खालचं सगळं वाचता यावं. नव्या पोरांना कळू दे, आधी काय समजत होतो, असं म्हणाले. मग त्याखाली काय लिहावं यावर आमचा वाद झाला. ते म्हणाले, ‘टिपण दोन्ही धन्यांना वाचून दाखवावं.’ मी म्हटलं, मोठ्यानं. त्यांनी ‘मोठ्यानं’ घातलं. मी म्हटलं, आणि ऐकून घ्यावं. त्यांची लेखणी थांबली. दोन्ही म्हातारे विहिरीकडे चालत गेलेले दिसत होते, मधे चार हात अंतर ठेवून.

मग त्यांनी लिहिलं: ‘ऐकून घ्यावं. चूक निघाली तर टिपण सुधारावं. दुःख निघालं तर रेघ सुधारू नये.’

शाई वाळेपर्यंत आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो.